बहुमजली इमारतीतील विद्युत रायझर : बसडक्ट आणि केबल यांची निवड

विद्युत रायझर म्हणजे बहुमजली इमारतीच्या तळाशी असलेल्या मुख्य वितरण फलकापासून वरच्या मजल्यांपर्यंत वीज नेणारा उभा मार्ग होय. हा मार्ग सामान्यतः एका स्वतंत्र शाफ्टमधून जातो आणि प्रत्येक मजल्याचा स्लॅब छेदतो. वीज वर नेण्यासाठी प्रामुख्याने दोन साधने वापरली जातात. पहिले साधन म्हणजे बसडक्ट, अर्थात धातूच्या बंदिस्त आवरणात बसवलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा तांब्याच्या पट्ट्या. दुसरे साधन म्हणजे तळापासून निरनिराळ्या मजल्यांपर्यंत स्वतंत्रपणे नेलेल्या केबली. भारतात उभ्या बसडक्टला 'रायझिंग मेन' असेही म्हणतात.

या दोहोंमधील निवड अनेकदा केवळ भार आणि खर्च पाहून केली जाते. प्रत्यक्षात आणखी दोन गोष्टी निर्णायक ठरतात. शॉर्ट सर्किट झाल्यास किती प्रवाह वाहील आणि तो कोणत्या मजल्यापर्यंत कितपत टिकून राहील, ही पहिली गोष्ट. रायझरने स्लॅबला पाडलेली छिद्रे आग लागल्यास बंद राहतील का, ही दुसरी. या लेखात एका नमुना इमारतीच्या आधारे या दोन्ही बाजू स्पष्ट केल्या आहेत.

## दोन्ही रचनांचे स्वरूप

बसडक्टचे सुमारे तीन मीटर लांबीचे तुकडे कारखान्यात तयार होतात आणि जागेवर ते बोल्टने एकमेकांना जोडले जातात. प्रत्येक मजल्यावर टॅप-ऑफ बॉक्स बसवून त्यातील एमसीसीबीमार्फत वीज घेतली जाते. जुन्या पद्धतीच्या बसडक्टमध्ये पट्ट्यांच्या दरम्यान हवेची पोकळी असते. 'सँडविच' पद्धतीत विद्युतरोधक थर दिलेल्या पट्ट्या एकमेकींवर घट्ट दाबून बसवलेल्या असतात, त्यामुळे आत पोकळी उरत नाही. बसडक्टसाठी 'आयईसी ६१४३९-६' हे मानक लागू होते.

केबलींच्या रचनेत मजल्यांचे गट पाडून प्रत्येक गटासाठी मुख्य फलकापासून स्वतंत्र केबल नेली जाते. भारतात यासाठी बहुधा अ‍ॅल्युमिनियम वाहकाची, एक्सएलपीई विद्युतरोधनाची आणि पोलादी चिलखत असलेली केबल वापरतात.

निवासी इमारतीत मीटर कोठे बसवायचे यावर पुष्कळ काही अवलंबून असते. सर्व मीटर तळमजल्यावरील मीटर खोलीत असतील, तर प्रत्येक सदनिकेसाठी मीटरपासून स्वतंत्र वाहक न्यावे लागतात आणि सदनिकांच्या पुरवठ्यासाठी सामाईक बसडक्टचा पर्याय उरत नाही. बसडक्ट वापरायचा असल्यास मीटर मजल्यांवर बसवण्यास वीज वितरण कंपनीची संमती आवश्यक असते, कारण रायझरमधून वाहणारी वीज तेव्हा मीटरपूर्वीची असते.

## नमुना इमारत

तळमजल्यावर ४० मजले, प्रत्येक मजल्याची उंची ३ मीटर आणि प्रत्येक मजल्यावर चार सदनिका, अशी इमारत विचारात घेऊ. एकूण १६० सदनिकांची सरासरी एकत्रित मागणी प्रत्येकी ४ किलोवॉट धरल्यास ती ६४० किलोवॉट होते. ०.९ शक्तिगुणकास आणि ४१५ व्होल्ट दाबास हा प्रवाह सुमारे ९९० अँपिअर येतो. मुख्य फलकापासून शाफ्टच्या पायथ्यापर्यंतचे आडवे अंतर ३० मीटर आहे.

पहिल्या पर्यायात १,२५० अँपिअर क्षमतेचा एकच अ‍ॅल्युमिनियमचा सँडविच बसडक्ट आहे. दुसऱ्या पर्यायात पाच-पाच मजल्यांचे आठ गट असून प्रत्येक गटाच्या मधल्या मजल्यावर, म्हणजे तिसऱ्या, आठव्या, तेराव्या अशा मजल्यांवर, एक फलक आहे. वीस सदनिकांमध्ये मागणी एकाच वेळी येण्याचा संभव अधिक असल्याने प्रत्येक गटासाठी ११० किलोवॉट, म्हणजे सुमारे १७० अँपिअर धरले आहेत. त्यासाठी १५० चौ. मिमी छेदाची अ‍ॅल्युमिनियम केबल घेतली आहे. १७० अँपिअरसाठी एकटी केबल याहून लहान चालली असती. परंतु आठ केबली शेजारीशेजारी असताना त्या परस्परांना तापवतात व त्यांची क्षमता घटते.

## दोषप्रवाह

### पायथ्याशी

शॉर्ट सर्किटच्या वेळी वाहणाऱ्या प्रवाहास दोषप्रवाह म्हणतात. त्याचे मूल्य मुख्यतः ट्रान्सफॉर्मर ठरवतो. नमुना इमारतीस १,६०० केव्हीए क्षमतेचा, ११ किलोव्होल्ट/४३३ व्होल्टचा आणि ६.२५ टक्के संरोधाचा ट्रान्सफॉर्मर आहे. त्याचा पूर्ण भाराचा प्रवाह सुमारे २,१३० अँपिअर येतो. त्यास ०.०६२५ ने भागल्यास दोषप्रवाह सुमारे ३४ किलोअँपिअर मिळतो. ११ किलोव्होल्ट जाळ्याचा स्वतःचा संरोध येथे शून्य धरला आहे, म्हणून हे मूल्य वरच्या मर्यादेचे आणि सुरक्षित बाजूचे आहे.

हा आकडा एका ट्रान्सफॉर्मरसाठी आहे. असेच दोन ट्रान्सफॉर्मर समांतर चालवले, तर पायथ्याशी दोषप्रवाह दुप्पट, म्हणजे सुमारे ६८ किलोअँपिअर होतो. भविष्यात बस कपलर बंद ठेवून दोन्ही ट्रान्सफॉर्मर एकत्र चालवले जाणार असतील, तर हा दुसरा आकडाच निवडीचा आधार असावा. तसे होऊ द्यायचे नसेल, तर कपलर आणि दोन्ही मुख्य ब्रेकर यांच्यात यांत्रिक व विद्युत इंटरलॉक द्यावे लागते. केवळ सूचनाफलक त्यासाठी पुरेसा नसतो.

### बसडक्टची सहनक्षमता

बसडक्टच्या सहनक्षमतेचे दोन आकडे असतात. पहिला उष्णतेशी संबंधित असतो, उदाहरणार्थ '५० किलोअँपिअर, १ सेकंद'. दुसरा यांत्रिक बलाशी संबंधित असून तो प्रवाहाच्या सर्वोच्च तात्क्षणिक मूल्यात, म्हणजे शिखरमूल्यात दिला जातो. शॉर्ट सर्किटच्या पहिल्या अर्ध्या आवर्तनात प्रवाह असममित असतो. आयईसी ६१४३९ मालिकेनुसार २० ते ५० किलोअँपिअर या पट्ट्यात शिखरमूल्य काढण्यासाठी २.१ हा गुणक वापरतात. त्यामुळे ३४ किलोअँपिअरसाठी शिखरमूल्य सुमारे ७२ किलोअँपिअर येते. ५० किलोअँपिअर, १ सेकंद आणि १०५ किलोअँपिअर शिखरमूल्य अशी चाचणी झालेला बसडक्ट येथे पुरेसा आहे. दोन ट्रान्सफॉर्मर समांतर असल्यास तो पुरेसा ठरणार नाही.

शिखरमूल्य वेगळे पाहण्याचे कारण असे, की वाहकांमधील बल प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एकमेकांना टेकलेल्या, मध्यांमध्ये ४० मिमी अंतर असलेल्या दोन एककोरी केबलींतून ७२ किलोअँपिअर परस्परविरुद्ध दिशांनी वाहिल्यास प्रत्येक मीटर लांबीवर सुमारे २६ किलोन्यूटन, म्हणजे अडीच टनांहून अधिक वजनाइतके बल येते. सँडविच बसडक्टमध्ये हे बल आवरणच पेलते व त्याची चाचणी कारखान्यातील नमुन्यावर झालेली असते. एककोरी केबली वापरल्यास मात्र ते बल पेलणारे क्लीट ठरावीक अंतरावर बसवावे लागतात. प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधलेल्या केबली अशा प्रसंगी उसळून बाहेर पडतात. चिलखती बहुकोरी केबलीत वाहक एकाच वेष्टनात पिळलेले असल्याने हा धोका बराच कमी असतो.

### केबलीची सहनक्षमता

केबलीच्या बाबतीत प्रश्न मुख्यतः उष्णतेचा असतो. दोष अल्पकाळ टिकत असल्यास पुढील सूत्र वापरतात:

I²t = k²S²

येथे I हा दोषप्रवाह अँपिअरमध्ये, t हा काळ सेकंदांत आणि S हा वाहकाचा छेद चौ. मिमीमध्ये असतो. k हा स्थिरांक एक्सएलपीई विद्युतरोधन असलेल्या अ‍ॅल्युमिनियमसाठी ९४ आणि तांब्यासाठी १४३ असतो.

१५० चौ. मिमीची अ‍ॅल्युमिनियम केबल १ सेकंदासाठी १४.१ किलोअँपिअर सहन करते. मुख्य फलकाला लागूनच दोष उद्भवला तर तिच्यातून ३४ किलोअँपिअर वाहतील आणि ते ती केवळ ०.१७ सेकंद सहन करू शकेल. फीडरवरील एमसीसीबी तत्काळ उघडत असेल तर हा काळ पुरेसा आहे. परंतु वरच्या व खालच्या ब्रेकरांत समन्वय साधण्यासाठी फीडरच्या ब्रेकरला ०.४ सेकंदांचा विलंब दिला, तर लागणारा किमान छेद सुमारे २२९ चौ. मिमी येतो, म्हणजे २४० चौ. मिमीची केबल घ्यावी लागते. अशा वेळी केबलीचा आकार १७० अँपिअरच्या भाराने नव्हे, तर ब्रेकरच्या विलंबाने ठरतो. बसडक्टला १ सेकंदाची सहनक्षमता असल्याने त्याच्या पायथ्याच्या ब्रेकरला विलंब देणे तुलनेने सोपे जाते.

### वरच्या मजल्यांवर

दोन्ही पर्यायांतील सर्वांत मोठा फरक वरच्या मजल्यांवर दिसतो. बसडक्टचा संरोध फार कमी असतो, त्यामुळे दाबातील घट कमी राहते. परंतु त्याच कारणाने दोषप्रवाहही फारसा न घटता वर पोहोचतो. ट्रान्सफॉर्मरचा रोध १.२ आणि प्रतिक्रिया ७.२ मिलिओहम, बसडक्टचा प्रत्येक मीटरला रोध ०.०४ आणि प्रतिक्रिया ०.०२ मिलिओहम, तर केबलीची हीच मूल्ये अनुक्रमे ०.२०६ आणि ०.०७२ मिलिओहम धरून पुढील चित्र मिळते.

बसडक्टवर पहिल्या मजल्याशी, म्हणजे सुमारे ३५ मीटर अंतरावर, दोषप्रवाह ३० किलोअँपिअर असतो. विसाव्या मजल्यावर तो सुमारे २४.५ किलोअँपिअर आणि चाळिसाव्या मजल्यावरही सुमारे २० किलोअँपिअर राहतो. केबलीच्या पर्यायात तिसऱ्या मजल्यावरील पहिल्या गटफलकाशी तो १८ किलोअँपिअर, तर अडतिसाव्या मजल्यावरील शेवटच्या गटफलकाशी केवळ ७ किलोअँपिअर असतो.

याचा परिणाम मजल्यावरील लहान उपकरणांवर होतो. सदनिकेच्या फलकातील एमसीबीची प्रवाह तोडण्याची क्षमता बहुधा १० किलोअँपिअर असते. पहिल्या मजल्यावर टॅप-ऑफपासून १० मीटर लांबीची १६ चौ. मिमीची तांब्याची केबल नेली, तरी तिच्या टोकाशी दोषप्रवाह सुमारे १५ किलोअँपिअर राहतो. अशा ठिकाणी टॅप-ऑफमधील एमसीसीबी प्रवाह मर्यादित करणारा असावा आणि तो व एमसीबी यांची जोडी उत्पादकाने एकत्र चाचणी करून प्रमाणित केलेली असावी. निरनिराळ्या उत्पादकांची उपकरणे एकत्र वापरल्यास हे प्रमाणन लागू होत नाही.

टॅप-ऑफमधील एमसीसीबीसाठी विसाव्या मजल्याच्या वर २५ किलोअँपिअरची क्षमता कागदावर पुरते. तथापि हे बॉक्स काढून दुसरीकडे लावता येतात, आणि देखभालीच्या वेळी वरचा बॉक्स खाली लावला जाण्याचा संभव असतो. म्हणून सर्व मजल्यांवर ३६ किलोअँपिअरचे एकसारखे एमसीसीबी ठेवणे इष्ट ठरते.

## स्लॅबमधील अग्निरोधक

शाफ्ट प्रत्येक मजल्यावर बुजवला नसल्यास तो चिमणीसारखे काम करतो. १३ फेब्रुवारी १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या उत्तर मनोऱ्यात अकराव्या मजल्यावर लागलेली आग टेलिफोनच्या केबलींसाठी स्लॅबमध्ये ठेवलेल्या, न बुजवलेल्या छिद्रांमधून इतर मजल्यांवर पसरली. त्याच वर्षी २२ मार्च रोजी अमेरिकेतील अलाबामा राज्यातील ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्रात केबलींच्या छिद्रातील फेस पेटून मोठी आग लागली. छिद्रातून हवा गळते का हे तपासण्यासाठी तेथे मेणबत्तीची ज्योत वापरली होती आणि बुजवण्यासाठी वापरलेला पॉलियुरेथेन फेस ज्वलनशील होता. छिद्र बंद दिसणे आणि ते अग्निरोधक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून दिसून आले.

भारताच्या राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ च्या चौथ्या भागानुसार विजेच्या केबली स्वतंत्र शाफ्टमधून न्याव्या लागतात. हा शाफ्ट प्रत्येक मजल्यावर, त्या मजल्याइतकाच अग्निरोध असलेल्या पदार्थाने बुजवावा लागतो. पाण्याचे किंवा गॅसचे नळ त्याच शाफ्टमधून नेता येत नाहीत.

### बसडक्टचे छिद्र

नमुना इमारतीत बसडक्टमुळे स्लॅबला एकूण ४० ठिकाणी एकेक आयताकार छिद्र पडते. येथे दोन अग्निरोधकांचा विचार करावा लागतो. बाह्य अग्निरोधक आवरण आणि स्लॅब यांमधील फट बुजवतो. आंतरिक अग्निरोधक आवरणाच्या आतील पोकळी अडवतो आणि तो कारखान्यातच बसवावा लागतो. सँडविच बसडक्टमध्ये पट्ट्यांच्या दरम्यान पोकळी नसते, तरीही त्या रचनेची स्लॅबमधून जाताना अग्निरोध चाचणी झाली आहे याचे प्रमाणपत्र पाहणे आवश्यक असते. हवेची पोकळी असलेल्या बसडक्टमध्ये आंतरिक अग्निरोधक नसेल, तर बाहेरची फट कितीही चांगली बुजवली तरी धूर व ज्वाला आतून वर जातात.

आंतरिक अग्निरोधक स्लॅबच्या जाडीतच यावा लागतो. बसडक्टचे तुकडे नकाशावरील उंचीप्रमाणे मागवले आणि प्रत्यक्ष स्लॅब प्रत्येक मजल्यावर १० मिमीने वर गेला, तर विसाव्या मजल्यापर्यंत २०० मिमीचा फरक साचतो आणि अग्निरोधक स्लॅबच्या खाली राहतो. त्याच कारणाने जोड किंवा टॅप-ऑफची जागा स्लॅबमध्ये अडकू शकते. म्हणून स्लॅब पूर्ण झाल्यावर प्रत्यक्ष मापे घेऊनच तुकड्यांची मागणी नोंदवतात.

धातूच्या प्रसरणाचाही येथे संबंध येतो. १२० मीटर लांबीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी ५० अंश सेल्सिअसने तापल्यास सुमारे १३८ मिमीने वाढते. त्यासाठी ठरावीक अंतरावर प्रसरण तुकडे आणि प्रत्येक मजल्यावर स्प्रिंगचे आधार देतात. फट साध्या सिमेंटने घट्ट भरल्यास बसडक्ट स्लॅबमध्ये जखडला जातो. मग एकतर भराव तडकतो किंवा ताण जोडांवर जातो. हालचाल सहन करणारा, चाचणी झालेला भराव वापरणे म्हणूनच आवश्यक असते.

### केबलींची छिद्रे

केबलींच्या पर्यायात आठ मुख्य केबली मिळून स्लॅब १६४ वेळा ओलांडतात. गटफलकापासून आजूबाजूच्या मजल्यांकडे जाणाऱ्या केबली धरल्यास ही संख्या २१२ होते. खालच्या मजल्यांवर आठही केबली एकत्र असतात, तर सर्वांत वरच्या गटापर्यंत एकच मुख्य केबल उरते. त्यामुळे ज्वलनशील प्लॅस्टिकचे प्रमाण शाफ्टच्या तळाशी सर्वाधिक असते.

केबलीचे वेष्टन आगीत जळून आकसते आणि तिच्याभोवती नवी फट निर्माण होते. ती भरून काढण्यासाठी उष्णतेने फुगणारा पदार्थ वापरतात. केबली जुडीने बांधलेल्या असल्यास त्यांच्यामधील अरुंद जागांत हा पदार्थ पोहोचत नाही आणि धूर तेथून वर जातो. म्हणून छिद्रात शिरण्यापूर्वी केबली एकमेकींपासून अलग कराव्या लागतात. मात्र भराव फार जाड किंवा लांब असल्यास त्या भागात उष्णता साचते आणि केबलीची क्षमता आणखी घटते. ही घट आकार निवडतानाच धरावी लागते.

केबलींच्या छिद्रांचा खरा प्रश्न इमारत वापरात आल्यानंतर उद्भवतो. इंटरनेट, कॅमेरे किंवा वाहन चार्जिंग यांसाठी नवी केबल टाकताना जुना भराव फोडला जातो आणि पुन्हा भरला जात नाही. बसडक्टवर नवा टॅप-ऑफ लावताना स्लॅबला हात लावावा लागत नाही, हा त्याचा अग्निसुरक्षेच्या दृष्टीने मोठा लाभ आहे.

### आपत्कालीन पुरवठा

अग्निरोधक भराव आग वरच्या मजल्यावर जाण्यापासून रोखतो; आगीच्या काळात वीज चालू राहील याची हमी तो देत नाही. अग्निशमन लिफ्ट, पंप आणि जिन्यातील दाबवर्धक पंखे यांचा पुरवठा त्यामुळे सर्वसाधारण बसडक्टवरून घेत नाहीत. त्यासाठी 'आयईसी ६०३३१' सारख्या मानकानुसार आगीतही मंडल अखंड राखणाऱ्या केबली वेगळ्या मार्गाने नेल्या जातात.

## दोष आणि तपासणी

बसडक्टचे कमकुवत स्थान म्हणजे त्याचे जोड. बोल्ट योग्य बलाने न आवळल्यास जोडाचा रोध वाढतो, जोड तापतो आणि कालांतराने विद्युतरोधन जळते. भार चालू असताना अवरक्त कॅमेऱ्याने पाहिल्यास असा जोड शेजारच्या जोडांपेक्षा स्पष्टपणे उष्ण दिसतो. दुसरा धोका पाण्याचा असतो. स्प्रिंक्लर किंवा गच्चीवरील टाकीचे पाणी शाफ्टमध्ये उतरले तर ते जोडाजोडांतून खाली झिरपते. म्हणून प्रत्येक छिद्राभोवती सुमारे ५० ते १०० मिमी उंचीचा काँक्रीटचा कठडा बांधतात. उभारणीच्या वेळी प्रत्येक नवा तुकडा जोडल्यावर मेगरने विद्युतरोधन मोजल्यास सदोष तुकडा लगेच सापडतो. सर्व ४० मजले जोडल्यानंतर तोच शोधण्यास कित्येक जोड उघडावे लागतात.

बसडक्टमध्ये एका ठिकाणी मोठा दोष झाल्यास सर्व मजल्यांचा पुरवठा जातो. केबलींच्या पर्यायात एका केबलीचा दोष पाच मजल्यांपुरता मर्यादित राहतो.

भरावाची प्राथमिक तपासणी सोपी असते. शाफ्टमधील दिवे बंद करून खालच्या मजल्यावर प्रखर दिवा लावला असता वरून प्रकाश दिसल्यास भरावात भोक आहे हे कळते. प्रकाश न दिसणे मात्र अग्निरोधाचा पुरावा ठरत नाही. त्यासाठी वापरलेला पदार्थ, त्याची जाडी आणि चाचणी झालेली रचना यांची प्रत्येक छिद्रानुसार नोंद ठेवावी लागते.

## निवडीचा निष्कर्ष

नमुना इमारतीत मीटर मजल्यांवर बसवता येत असतील आणि शाफ्ट पाण्यापासून सुरक्षित असेल, तर बसडक्ट अधिक योग्य ठरतो. ४० छिद्रांची निगा २१२ केबल-छेदांपेक्षा सोपी असते आणि ब्रेकरांचा समन्वयही साधतो. परंतु या पर्यायात प्रत्येक मजल्यावरील उपकरणे २० ते ३० किलोअँपिअर दोषप्रवाह लक्षात घेऊन निवडावी लागतात. हा खर्च न धरता केलेली तुलना अपुरी असते.

मीटर तळाशी असतील, इमारत कमी उंचीची व कमी भाराची असेल, किंवा एका दोषाने सर्व मजले अंधारात जाणे परवडणारे नसेल, तर केबली योग्य ठरतात. त्या वेळी केबलीचा छेद ब्रेकर उघडण्याच्या काळाशी ताडून पाहावा लागतो, आणि प्रत्येक नव्या केबलीनंतर भराव पूर्ववत करण्याची जबाबदारी इमारतीच्या व्यवस्थापनात कोणाची, हे आधीच ठरवावे लागते.